दोन्ही वाक्यं खरी, तरी उत्तर चूक

अन्नविज्ञानाच्या स्पर्धा परीक्षांत एक प्रश्नप्रकार असा आहे, की ज्याचं पाठांतर पक्कं तोच त्यात जास्त अडकतो. वर एक विधान दिलेलं असतं, खाली एक कारण. नेट परीक्षेच्या होम सायन्सच्या पेपरात असे प्रश्न येतात, आणि अन्नशास्त्र हा त्या अभ्यासक्रमाचा एक मोठा भाग आहे. उत्तराचे पर्याय साधारण ठरलेले असतात. पहिला : दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे. दुसरा : दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण नाही. तिसरा : विधान बरोबर, कारण चूक. चौथा : विधान चूक, कारण बरोबर.

तिसरा आणि चौथा पर्याय माहितीवर सुटतो. खरी गोची पहिल्या दोघांत आहे. तिथे दोन्ही वाक्यं पुस्तकातलीच असतात आणि उमेदवाराला ती पाठही असतात. प्रश्न इतकाच असतो, की खालच्या वाक्यामुळे वरचं वाक्य खरं ठरतं का. हे ओळखायचं कसं, याबद्दल फूड टेक्नॉलॉजी शिकवून निवृत्त झालेले एक सर आणि परीक्षा तोंडावर आल्याने धास्तावलेली एक उमेदवार यांच्यातला हा संवाद.

पाव शिळा का होतो?

“सर, मला सगळं येतं आणि काहीच सुटत नाही,” ती सराव पेपर टेबलावर ठेवत म्हणाली. “या प्रकारचे दहा प्रश्न सोडवले की चार-पाच चुकतात. घरी तपासताना वाटतं, अरे, हे तर मला माहीत होतं.”

“चुकलेला एक वाच. मोठ्याने वाच.”

“विधान : फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा लवकर शिळा होतो. कारण : साठवणीत पावातली ओल कमी होते. मी पहिला पर्याय लिहिला. उत्तर दुसरा आहे.”

“पहिला का लिहिलास?”

“दोन्ही खरं आहे म्हणून. फ्रिजमध्ये पाव कडक होतो हे पुस्तकात आहे, ओल उडते हेही आहे. आणि वाळला की कडक होणारच ना?”

“म्हणजे दोन वाक्यं खरी निघाली आणि तू मध्ये ‘म्हणून’ घालून टाकलंस. तो ‘म्हणून’ तपासलाच नाहीस. आता तपासू. पाव प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवला, ओल बाहेर जायला वावच ठेवला नाही, तर तो मऊ राहील?”

ती थोडी थांबली. “नाही. आमच्याकडे पिशवीतच ठेवतात. तरी दुसऱ्या दिवशी भुसभुशीत लागतो.”

“ठेवायच्या आधी आणि नंतर वजन केलंस तर फारसा फरक दिसणार नाही. ओल गेली नाही, तरी पाव शिळा झाला. बूसिंगॉल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तो पुन्हा गरम केला की ताज्यासारखा मऊ होतो. आता मला सांग, शिळा पाव तव्यावर गरम केला की त्यातलं पाणी वाढतं की कमी होतं?”

“कमीच होईल. वाफ जाते.”

“पाणी आणखी कमी झालं आणि पाव मऊ झाला. शिळेपणाचं कारण वाळणं असतं, तर तो गरम केल्यावर जास्त कडक व्हायला हवा होता.”

“मग कारण स्टार्च,” ती म्हणाली. “रेट्रोग्रेडेशन.”

“नुसता शब्द नको. काय घडतं ते सांग.”

“भाजताना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली घट्ट रचना मोडते. पाव गार व्हायला लागला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रांगा धरतात. त्यातलं अमायलोज पहिल्या काही तासांतच बसतं. म्हणून तर पाव नीट कापता येतो. अमायलोपेक्टिन मात्र दिवसेंदिवस हळूहळू रांगा धरत राहतं, आणि पाव कडक होत जातो.”

“आणि फ्रिज?”

“गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे फ्रिजच्या तापमानाला, या रांगा सगळ्यात वेगाने बनतात. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला ते जवळपास थांबतं. साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम केलं की त्या रांगा मोडतात आणि पाव पुन्हा मऊ होतो.”

“तुला सगळं येतं, हे खरंच आहे. पण परीक्षेत यातलं एकही वाक्य तू वापरलं नाहीस. तू फक्त पाहिलंस की दिलेली वाक्यं ओळखीची आहेत का. यापुढे दोन्ही वाक्यं खरी निघाली की मनातल्या मनात कारण काढून टाकायचं. ते काढल्यावरही विधान घडत असेल, तर त्या दोघांत नातं नाही. उत्तर दुसरा पर्याय.”

“पण सर, उघडा पडलेला पाव वाळूनसुद्धा कडक होतोच की.”

“होतो. म्हणून विधान काय म्हणतंय ते नेमकं बघायचं. इथे विधान नुसत्या कडकपणाबद्दल नाही. फ्रिजमध्ये जास्त लवकर का, असा त्याचा प्रश्न आहे. तो तापमानाचा प्रश्न आहे, आणि दिलेल्या कारणात तापमानाचा उल्लेखच नाही. आता विधान असं असतं, की रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या पावाचं वजन कमी होतं, आणि कारण हेच असतं, तर?”

“तर पहिला पर्याय.”

“तेच कारण, तितकंच खरं, आणि उत्तर बदललं. कारण कुठल्या विधानाखाली लिहिलंय, यावर सगळं अवलंबून असतं.”

एका क्रियापदाचा फरक

तिने पान उलटलं. “हा बघा. विधान : अननसासारख्या आम्ल फळांचे डबे उकळत्या पाण्याच्या तापमानाला प्रक्रिया करून चालतात. कारण : पीएच ४.६ पेक्षा कमी असेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू नष्ट होतात. हा मला अगदी सोपा वाटला. पहिला पर्याय.”

“काढून टाकण्याची परीक्षा केलीस?”

“केली. बीजाणू नष्ट झाले नसते, तर १०० अंश पुरले नसते. म्हणून पहिला.”

“घाई झाली. आधी कारण एकटं वाच, विधान हाताने झाक. ४.६ च्या खाली बीजाणू नष्ट होतात, हे खरं आहे?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “नष्ट होत नाहीत. ते रुजत नाहीत. वाढ होत नाही, म्हणून विष तयार होत नाही.”

“झालं. कारण चूक, उत्तर तिसरा पर्याय. बीजाणू अननसाच्या डब्यात जिवंत असू शकतात. ते फक्त काही करू शकत नाहीत. आता हा नुसता शब्दच्छल आहे असं समजू नकोस, कारखान्यात या फरकाने जीव जाऊ शकतो. समज, टोमॅटोच्या डब्याला बारीक भोक राहिलं आणि आत बुरशी शिरली. काही बुरशा आम्ल खातात, त्यामुळे पीएच वर चढतो. बीजाणू मेले असते तर त्या बाबतीत काळजी नव्हती. पण ते नुसते थोपवलेले होते. थोपवणारं आम्ल गेलं की ते उठू शकतात.”

“आणि मटारचं? मटारात आम्ल नसतं.”

“मटाराचा पीएच ४.६ च्या बराच वर. तिथे बीजाणूंना थोपवणारं कोणी नाही, म्हणून त्यांना मारावंच लागतं. हिशेब करून बघ. १२१ अंशाला या बीजाणूंची संख्या दहाव्या हिश्शावर यायला किती वेळ लागतो?”

“डी-मूल्य ०.२१ मिनिट. म्हणजे बारा-तेरा सेकंद.”

“आणि डबाबंद उद्योगाचा नियम?”

“असे बारा टप्पे. १२ गुणिले ०.२१, म्हणजे सुमारे अडीच मिनिटं. डब्याच्या मध्यभागाला.”

“आता तापमान दहा अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दहापट होतो. १११ अंशाला पंचवीस मिनिटं. १०१ अंशाला?”

“अडीचशे. १०० अंशाला त्याहून थोडं जास्त.” तिने कागदावर आकडा काढला. “पाच तासांच्या वर!”

“पाच तास उकळलेले मटार कोण खाईल? म्हणून मटाराला दाबाखालचं रिटॉर्ट लागतं आणि अननसाला उकळतं पाणी पुरतं. अननसाच्या डब्यात १०० अंश कशासाठी असतात? बुरशी, यीस्ट आणि आम्लात वाढू शकणारे जिवाणू मारण्यासाठी. बोट्युलिनमचा बंदोबस्त आम्लाने आधीच केलेला असतो.”

“म्हणजे कारण वाचताना क्रियापदावर बोट ठेवायचं.”

“हो. मरतात की वाढत नाहीत. निष्क्रिय होतं की मंदावतं. असतात की वाढतात. प्रश्न काढणारा आकडा सहसा बरोबर ठेवतो, कारण आकड्याने उमेदवाराचा विश्वास बसतो. तुझी नजर ४.६ वर गेली, ओळख पटली, आणि पुढचं क्रियापद तू वाचलंच नाहीस.”

“४.६ चा माझा आणखी एक घोळ होतो. तो आकडा दिसला की मला दूध फाटणं आठवतं. केसीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंटही ४.६.”

“आणि त्या दोन ४.६ चा एकमेकांशी काही संबंध नाही. एक दुधातल्या प्रथिनाचा गुणधर्म, दुसरी एका जिवाणूच्या वाढीची मर्यादा. विधानात डबाबंद अन्नाची विभागणी दिली आणि कारणात केसीन दिलं, तर दोन्ही खरं आणि नातं शून्य. आकडा जुळला म्हणून कारण जुळत नाही.”

दुरून जोडलेलं कारण

पुढचे दोन-तीन प्रश्न तिने घाईने सोडवले. सरांनी एकावर बोट ठेवलं. विधान होतं : दुधाचं पाश्चरीकरण नीट झालं की नाही हे तपासायला अल्कलाइन फॉस्फटेज चाचणी वापरतात. कारण : फॉस्फटेज निष्क्रिय व्हायला लागणारी उष्णता ही दुधातले रोगजंतू मरायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा किंचित जास्त असते.

“दुसरा पर्याय का?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही खरं. पण फॉस्फटेजमुळे रोग होत नाही, आणि ते दूध नासवतही नाही. मग ते कारण कसं? मला वाटलं, हा पावासारखाच सापळा.”

“आता तुला सगळीकडे सापळे दिसायला लागले. विधान कशाबद्दल आहे? रोगाबद्दल?”

“चाचणीबद्दल.”

“म्हणजे प्रश्न असा, की दुधात इतकी एन्झाइम असताना हेच का निवडलं? आता कारण काढून टाक. समज, फॉस्फटेज ५० अंशालाच निष्क्रिय झालं असतं.”

“मग अर्धवट तापवलेल्या दुधातही ते सापडलं नसतं. दूध नीट पाश्चराइज झालंय असं चाचणी सांगेल, आणि जंतू आत जिवंत.”

“आणि समज, ते उकळल्याशिवाय निष्क्रिय होतच नसतं.”

“मग ६३ अंशाला अर्धा तास किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापवलेलं, अगदी नियमाप्रमाणे केलेलं दूधही नापास झालं असतं.” ती हसली. “म्हणजे त्याची उष्णता जंतूंच्या किंचित वर आहे, म्हणूनच चाचणी चालते. पहिला पर्याय.”

“दुधातलंच दुसरं एक एन्झाइम घे, लॅक्टोपेरॉक्सिडेज. ते ७२ अंशाच्या पाश्चरीकरणात टिकून राहतं. म्हणून ते या कामाला निरुपयोगी आहे. पण भाज्या ब्लांच करताना नेमकं पेरॉक्सिडेजच तपासतात. का?”

“भाज्यांतलं ते फार चिवट एन्झाइम. ते गेलं म्हणजे बाकीची गेलीच असं धरता येतं.”

“भाजी गोठवल्यावर वास बिघडतो तो बऱ्याचदा लायपॉक्सिजनेजमुळे, पण तपासतात पेरॉक्सिडेज. ज्याच्यामुळे नुकसान होतं ते वेगळं आणि ज्यावरून ओळखतात ते वेगळं. विधानात ‘तपासतात’, ‘निर्देशक म्हणून वापरतात’ असे शब्द दिसले, तर कारणात नुकसानीचा गुन्हेगार शोधू नकोस. ही खूण निवडण्यामागचं कारण शोध.”

मधाचा वाद

“काही प्रश्न मात्र खरंच दोन्हीकडे झुकतात,” ती म्हणाली. “विधान : मधात जिवाणू वाढत नाहीत. कारण : मध आम्लधर्मी असतो. यावर आमच्या गटात तासभर भांडण झालं. मधाचा पीएच चारच्या आसपास. आम्ल जिवाणूंना रोखतं. मग ते कारण का नाही?”

“भांडण रास्त आहे. मधात जिवाणू न वाढण्यामागे एकाहून जास्त गोष्टी आहेत. साखरेने बांधून ठेवलेलं पाणी, आम्ल, शिवाय मध पातळ झाल्यावर एका एन्झाइममुळे तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. अशा वेळी नुसतं काढून टाकून भागत नाही. कारण एकटं उभं करून बघायचं. नुसतं आम्ल पुरलं असतं का? लिंबाचा रस मधापेक्षा कितीतरी आंबट. तो उघडा ठेवला तर?”

“बुरशी येते.”

“बुरशीचं सोड, विधान जिवाणूंचं आहे. दही घे. त्याचाही पीएच चार-साडेचारच असतो, आणि दह्यात तर जिवाणूच वाढलेले असतात. म्हणजे त्या पातळीचं आम्ल एकटं सगळ्या जिवाणूंना थोपवू शकत नाही. आता पाणी बघ. मधाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६ च्या आसपास, आणि अन्न खराब करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर लागते. हे एकटं कारण पुरेसं आहे. मधात पाणी वाढलं तर काय होतं?”

“२० टक्क्यांच्या वर ओल गेली की यीस्टमुळे आंबतो. म्हणून तर मानकात ओलीची कमाल मर्यादा २० टक्के आहे.”

“आम्ल तसंच राहिलं, पाणी वाढलं, आणि मध बिघडला. म्हणजे पहारा पाण्याचा होता, आम्ल मदतीला होतं. मी इथे दुसरा पर्याय निवडेन. पण कोणी आक्षेप घेतला तर तो अगदीच पोरकट आहे असंही म्हणणार नाही. नेटमध्ये तात्पुरती उत्तरतालिका आल्यावर शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. अशाच प्रश्नांसाठी तो उपयोगी पडतो. परीक्षेच्या खोलीत मात्र पाठ्यपुस्तक मुख्य कारण म्हणून काय सांगतं, तेच धरायचं.”

“आणि विधानात ‘वाढत नाहीत’ ऐवजी ‘नसतात’ असतं तर?”

“तू सांग.”

“विधान चूक. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. ते मधात वाढत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. चौथा पर्याय.”

घड्याळ आणि गुण

“सर, हे सगळं इथे बसून जमतं. तिथे एका प्रश्नाला मोजकाच वेळ. मी आधी एक उत्तर निवडते, मग शंका येते, मग बदलते.”

“बदलतेस कारण चारही पर्याय एकदम डोक्यात नाचत असतात. पर्याय शेवटी बघायचे. आधी विधान एकटं वाचून कच्च्या कागदावर ‘ख’ किंवा ‘चू’. मग कारण एकटं वाचून तेच. यातलं एक जरी चूक निघालं, तरी काम संपलं. विधान चूक तर चौथा, कारण चूक तर तिसरा. नात्याचा विचारच करायचा नाही. फक्त दोन्ही ‘ख’ आले तरच काढून टाकण्याची परीक्षा.”

“आणि दोन्ही चूक निघाले तर?”

“या ठरलेल्या चार पर्यायांत त्याला जागाच नाही. तसं झालं तर तुझ्या एका निर्णयात गडबड आहे, परत वाच. पण काही पेपरांत ‘दोन्ही चूक’ हा पर्याय असतो, आणि पर्यायांचा क्रमही बदलतो. म्हणून पेपर हातात आला की पहिल्या विधान-कारण प्रश्नाचे पर्याय एकदा नीट वाचून घे. सवयीने क्रमांक ठोकू नकोस.”

“खात्री नसली तर सोडून द्यायचा?”

“नेटमध्ये चुकीला गुण कापत नाहीत, तिथे रिकामं काहीच ठेवायचं नाही. गेटमध्ये बहुपर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश गुण कापतात. तिथे हिशेब कर. एका गुणाचा प्रश्न, चार पर्याय, डोळे मिटून ठोकला.”

“चारातून एकदा एक गुण मिळेल. तीनदा एक तृतीयांश जाईल, म्हणजे एक गुण जाईल. शिल्लक शून्य.”

“आणि दोन्ही वाक्यं खरी आहेत हे नक्की माहीत आहे, फक्त नातं कळत नाहीये, असं असेल तर?”

“दोनच पर्याय उरतात. दोनांतून एकदा एक गुण मिळेल, एकदा एक तृतीयांश जाईल. दोन प्रश्नांत दोन तृतीयांश फायदा.” तिने मान हलवली. “म्हणजे सोडायचा नाही.”

“दोन्ही वाक्यांबद्दल खात्री असेल तर नाही. एकाही वाक्याबद्दल खात्री नसेल तर पुढे जा.”

एका गोष्टीचे चार प्रश्न

“आता सराव कसा करायचा ते सांगतो. नवे प्रश्न शोधत बसू नकोस. एकच गोष्ट घे आणि तिच्यावर चारही उत्तरांचे चार प्रश्न तूच तयार कर. तूप घे.”

तिने वहीत लिहायला सुरुवात केली. “पहिल्या पर्यायाचा. विधान : तूप लोण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. कारण : लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, तुपात अर्ध्या टक्क्याहून जास्त नसतं. पाणी नाही म्हणून जिवाणू वाढत नाहीत.”

“ठीक. दुसरा?”

“तेच विधान. कारण : तुपात फॅट लोण्यापेक्षा जास्त असतं.”

“थांब. फॅट जास्त म्हणजे पाणी कमी, एकाच गोष्टीच्या दोन बाजू. मग हे स्पष्टीकरण का नाही?”

ती गोंधळली, पण पान फाडलं नाही. “कारण फॅट स्वतः काही राखत नाही,” ती सावकाश म्हणाली. “उलट हवेने खवट होतं ते फॅटच. समजा, फॅट जितकं आहे तितकंच ठेवलं आणि उरलेल्या भागात पाण्याऐवजी काहीतरी कोरडं असतं, तरी जिवाणू वाढले नसते. म्हणजे फॅटच्या टक्केवारीने काही ठरत नाही, पाण्याने ठरतं.”

“चालेल. पण परीक्षेत असा प्रश्न आला तर त्यावर वाद होईल, हे लक्षात ठेव. निर्विवाद हवा असेल तर कारणात तुपाचा पिवळा रंग कॅरोटीनमुळे असतो, असं घाल. गाईच्या तुपाबद्दल खरं, आणि टिकण्याशी संबंध नाही. तिसरा?”

“कारण : तूप कढवताना सगळे बीजाणू मरतात. हे चूक. कढवताना तापमान साधारण ११० ते १२० अंशांवर जातं, पण पाणी उडून गेल्यावर ती कोरडी उष्णता असते, आणि चरबीत बीजाणू जास्त तग धरतात. ‘सगळे’ हा शब्द मी मुद्दाम घातला.”

“आणि चौथा?”

“विधान : तूप कधीच खराब होत नाही. कारण : तुपात पाण्याचं प्रमाण अत्यल्प असतं. कारण बरोबर. विधान चूक, कारण जिवाणूंनी नासलं नाही, तरी ऑक्सिजनने ते खवट होतं.”

“आज रात्री हेच लोणच्याचं कर,” सर म्हणाले. “मीठ, आम्ल, तेलाचा थर. तीन कारणं आहेत, त्यामुळे दुसऱ्या पर्यायाचा प्रश्न तुला छळेल. तेलाच्या थरापासून सुरू कर. तो काढला की बुरशी येते, हे आधी पक्कं कर, आणि मग बघ, त्याच थराखाली जिवाणूंना कोण अडवतं.”